पीई दहा म्हणजे स्वस्तच का? जालन्याच्या दोन सळई कंपन्यांची तुलना करून पाहू

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर इथले बरेच तरुण आता थेट शेअर घेऊ लागले आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: "दादा, एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या आहेत. एकीचा पीई दहा, दुसरीचा बारा. मग दहावाली स्वस्त ना?" या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर सापेक्ष मूल्यांकनाचा मोठा भाग समजला असं मी मानतो. म्हणून सगळी गुणोत्तरं एका दमात सांगण्याऐवजी इथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू.

उदाहरण जालन्याच्या धंद्याचं आहे, कंपन्या मात्र काल्पनिक आहेत. जालना बांधकामाच्या सळईसाठी ओळखलं जातं. इथे दोन तऱ्हेचे कारखाने दिसतात. काहींकडे स्वतःची इंडक्शन भट्टी असते. ते भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, ओततात आणि त्याच आवारात सळई काढतात. काही फक्त रोलिंग मिल चालवतात, म्हणजे बिलेट बाहेरून विकत घेतात. आपली 'अ' कंपनी पहिल्या प्रकारची. तिने अलीकडेच कर्ज काढून मोठी भट्टी बसवली आहे. 'ब' दुसऱ्या प्रकारची, जुनी, जवळजवळ कर्जमुक्त. दोघींचा गेल्या वर्षाचा निव्वळ नफा योगायोगाने सारखाच आहे, ४५ कोटी रुपये.

पहिली पायरी: पीई काढा, पण आकडे एकाच मापाचे घ्या

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा. एकूण बाजारमूल्य भागिले एकूण निव्वळ नफा केलं तरी उत्तर तेच येतं.

'अ'चे ५ कोटी शेअर आहेत, भाव ९० रुपये. बाजारमूल्य झालं ४५० कोटी. नफा ४५ कोटी, म्हणून पीई १०. 'ब'चे ३ कोटी शेअर, भाव १८० रुपये. बाजारमूल्य ५४० कोटी, नफा तोच ४५ कोटी, पीई १२.

शेअर ९० ला आहे की १८० ला, यावरून स्वस्त-महाग काहीच ठरत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण नफा कुठला घेतला हे मात्र तपासायलाच हवं. एका कंपनीचा मार्चअखेरचा वार्षिक नफा आणि दुसरीचा गेल्या चार तिमाहींचा नफा, अशी तुलना करू नका. दोघींचे चार तिमाहींचे आकडे घ्या. उपकंपन्या असतील तर एकत्रित हिशेब घ्या, एकट्या मूळ कंपनीचा नको. आणि नफा-तोट्याच्या पत्रकात 'अपवादात्मक बाबी' अशी ओळ असते, ती आधी वाचा. समजा एखाद्या कंपनीने चिकलठाण्यातला जुना भूखंड विकला आणि त्यातून २० कोटींचा नफा झाला. तो नफा पुढच्या वर्षी येणार नाही. त्यावरचा कर गेल्यावर त्यातलं जेवढं उरलं, तेवढं निव्वळ नफ्यातून वजा करून मगच पीई काढायचा. संकेतस्थळांवर तयार मिळणारा पीई बऱ्याचदा हे करत नाही.

आपल्या दोन्ही कंपन्यांमध्ये असं काही नाही असं धरू. म्हणजे पीईच्या मापाने 'अ' स्वस्त आहे.

दुसरी पायरी: कर्जासकट किंमत काढा

पीईत एक मोठी उणीव आहे. त्यातला भाव फक्त भागधारकांच्या वाट्याचा असतो, कंपनीवरच्या कर्जाचा त्यात थेट उल्लेख नसतो. शेजारी-शेजारी दोन शेतं विकायला आहेत असं समजा. एकाचा मालक २० लाख मागतो, पण सातबाऱ्यावर बँकेचा १५ लाखांचा बोजा आहे. दुसरा ३० लाख मागतो आणि सातबारा कोरा आहे. शेत घेणारा माणूस २० आणि ३० ची तुलना करत नाही, ३५ आणि ३० ची करतो. कंपनीच्या बाबतीत बोजा धरून निघणाऱ्या या किमतीला एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणतात, थोडक्यात ईव्ही.

ईव्ही = बाजारमूल्य + सगळं व्याजी कर्ज − रोकड आणि लगेच मोकळी करता येणारी गुंतवणूक.

उपकंपनीत बाहेरच्यांचा हिस्सा असेल तर तोही मिळवायचा असतो, कारण उपकंपनीची कमाई आपण पूर्ण धरतो. आपल्या उदाहरणात तो नाही.

'अ'वर ६४० कोटींचं कर्ज आहे. त्यात भट्टीसाठीचं मुदत कर्ज आहे आणि बँकेची कॅश क्रेडिटही आहे. चालू खात्यात २० कोटी आहेत. म्हणून ईव्ही = ४५० + ६४० − २० = १,०७० कोटी. 'ब'वर ३० कोटींचं कर्ज आहे, आणि बँक ठेवी व लिक्विड फंड मिळून १८० कोटी आहेत. ईव्ही = ५४० + ३० − १८० = ३९० कोटी.

नवख्या माणसाकडून इथे हमखास राहून जाते ती कॅश क्रेडिट. ताळेबंदात दीर्घ मुदतीची कर्जं एका ठिकाणी असतात आणि अल्प मुदतीची 'चालू देणी' या शीर्षकाखाली. दोन्ही मिळवायची. भाडेपट्ट्याची देणी दोन्हीकडे वेगळी दाखवलेली असतात. ती धरायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण एका कंपनीला धरली तर दुसरीलाही धरा.

कर्ज खरोखर तेवढंच आहे का, हे पाहायची एक सोपी खूण आहे. वर्षाचा व्याजखर्च भागिले सरासरी कर्ज करा. वर्षभरात कर्ज फारसं हललेलं नसेल तर अखेरचा आकडाही चालतो. 'अ'चा व्याजखर्च ६४ कोटी, म्हणजे १० टक्के, हे पटण्यासारखं आहे. हाच आकडा १६-१७ टक्के आला असता, तर मार्चअखेर कर्ज तात्पुरतं खाली आणलं असावं किंवा काही उधारी दुसऱ्या नावाने बसली असावी अशी शंका घ्यायला जागा होती. भंगार आयात करणारे कारखाने मुदतीची लेटर ऑफ क्रेडिट वापरतात. ती रक्कम 'व्यापारी देणी' या नावाखाली दिसते, पण तिच्यावर व्याज चालू असतं. वाळूजला मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आपली बिलं वटवून आधीच पैसे घेतात, तिथेही असाच प्रकार होऊ शकतो. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये या दोन्ही गोष्टी शोधा.

तिसरी पायरी: एबिटडा स्वतः बांधा

ईव्हीत भागधारकांचा आणि सावकारांचा, दोघांचा पैसा आहे. म्हणून तिला भागायचं तर दोघांच्या वाट्याला जाणाऱ्या कमाईनेच भागायला हवं. निव्वळ नफा हा व्याज दिल्यावर उरलेला असतो, तो इथे चालत नाही. व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीची कमाई घ्यायची. तिलाच एबिटडा म्हणतात. स्क्रीनवर हे गुणोत्तर EV/EBITDA असं दिसतं.

एबिटडा तयार न उचलता खालून वर बांधा. करपूर्व नफा घ्या, त्यात व्याज आणि घसारा मिळवा, आणि 'इतर उत्पन्न' वजा करा. हे वजा करण्यामागचं कारण महत्त्वाचं आहे. 'ब'चे १८० कोटी आपण ईव्हीतून आधीच काढून टाकले. त्या पैशावर मिळालेलं १२ कोटींचं व्याज कमाईत राहू दिलं, तर किंमत एकीकडे आणि कमाई दुसरीकडे असं होतं, आणि रोकड बाळगणारी कंपनी आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते.

| कोटी रुपये | अ (भट्टी + मिल) | ब (फक्त मिल) |
|---|---|---|
| निव्वळ नफा | ४५ | ४५ |
| करपूर्व नफा | ६० | ६० |
| व्याज | ६४ | ३ |
| घसारा | ४६ | २४ |
| इतर उत्पन्न | ० | १२ |
| एबिटडा | १७० | ७५ |
| ईव्ही | १,०७० | ३९० |
| ईव्ही ÷ एबिटडा | ६.३ | ५.२ |
| पीई | १० | १२ |

शेवटच्या दोन ओळी एकत्र वाचा. पीईने 'अ' स्वस्त, ईव्हीने 'ब' स्वस्त. दोन्ही गणितं बरोबर आहेत. 'अ'चा पीई कमी आहे त्याचं मोठं कारण कर्ज हेच आहे. ज्या कंपनीच्या कमाईतला मोठा वाटा आधी बँकेला जातो, तिच्या उरलेल्या नफ्यासाठी बाजार कमीच पैसे मोजतो, कारण तो उरलेला नफा जास्त डळमळीत असतो. हा कमी पीई सवलत म्हणून नव्हे, जोखमीची किंमत म्हणून वाचायला हवा.

आता एबिटडावरही डोळे झाकून विसंबू नका. भट्टीचं अस्तर झिजतं, कॉइल बदलाव्या लागतात, रोलिंग मिलचे रोल घासले जातात. घसारा हा पोलादाच्या धंद्यात फक्त कागदावरचा खर्च नाही. म्हणून घसारा वजा करूनही एकदा पाहा. 'अ'चं १,०७० ÷ १२४ = ८.६ आणि 'ब'चं ३९० ÷ ५१ = ७.६. इथेही 'ब' स्वस्तच निघते, म्हणजे निष्कर्ष घसाऱ्यामुळे उलटत नाही. एबिटडाने एक उत्तर आणि घसाऱ्यानंतरच्या कमाईने दुसरं असं झालं असतं, तर मी दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवला असता.

चौथी पायरी: सरकारी प्रोत्साहनाचा पैसा वेगळा काढा

मराठवाड्यातल्या कारखान्यांची तुलना करताना ही पायरी टाळून चालत नाही, आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

महाराष्ट्र सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तिची २०१९ ची आवृत्ती अनेक वार्षिक अहवालांत पीएसआय-२०१९ या नावाने दिसते. तीत तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी आहे. जितका भाग औद्योगिकदृष्ट्या मागे, तितकं प्रोत्साहन जास्त आणि जास्त वर्षांसाठी. पात्र कारखान्याला राज्य जीएसटीशी जोडलेलं औद्योगिक प्रोत्साहन अनुदान ठरावीक वर्षं मिळतं. याशिवाय २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांसाठी वीजदरात सवलत जाहीर झाली होती. इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण साडेपाचशे-सहाशे युनिट वीज लागते. तेव्हा युनिटमागे रुपयाभराचा फरकसुद्धा टनामागे साडेपाचशे-सहाशे रुपयांचा होतो.

प्रश्न हा की हा पैसा हिशेबात कुठे बसतो. जीएसटीशी जोडलेलं अनुदान पुष्कळदा 'इतर परिचालन उत्पन्न' म्हणून विक्रीच्या आकड्यातच मिळवलेलं असतं. तिसऱ्या पायरीत आपण 'इतर उत्पन्न' वजा केलं, पण हे त्यात येत नाही. ते एबिटडात राहून जातं. महसुलाची टीप उघडली तरच दिसतं. वीज सवलत तर वेगळी दिसतही नाही, वीजखर्च कमी होतो एवढंच.

समजा 'अ'च्या १७० कोटींत २५ कोटी अनुदान आहे आणि पात्रतेची आणखी दोनच वर्षं उरली आहेत. 'ब'ची मुदत केव्हाच संपली आहे. म्हणजे आपण 'ब'ची कायमची कमाई आणि 'अ'ची तात्पुरती कमाई एकाच मापाने मोजतो आहोत.

दुरुस्ती अशी करा. अनुदान एबिटडातून काढा: १७० − २५ = १४५. पण उरलेल्या दोन वर्षांचं अनुदान खरंच मिळणार आहे, ते फुकट घालवायचं नाही. दोन वर्षांचे ५० कोटी, त्यावरचा कर गेल्यावर साधारण ३७ कोटी. ते ईव्हीतून वजा करा: १,०७० − ३७ = १,०३३. आता १,०३३ ÷ १४५ = ७.१. मघाशी ६.३ दिसत होतं. 'ब' तिथेच आहे, ५.२ वर.

एक गोष्ट आणखी पाहा. अनुदान हिशेबात धरलं म्हणजे खात्यात आलं असं नाही. ताळेबंदात 'सरकारकडून येणं' ही रक्कम दरवर्षी फुगत असेल, तर कमाई कागदावर आहे आणि पैसा अडकलेला आहे. अशा वेळी मी उरलेल्या अनुदानाचे ३७ कोटी पूर्ण धरणार नाही.

पाचवी पायरी: हे वर्ष चांगलं होतं की नेहमीचं?

सळईच्या धंद्यात नफा ठरतो तो सळईचा भाव आणि कच्च्या मालाचा भाव यांतल्या फरकावर. तो फरक काही वर्षं भरपूर असतो, काही वर्षं जेमतेम. चांगल्या वर्षात नफा फुगतो. बाजार तो टिकेल असं मानत नाही, म्हणून भाव त्या प्रमाणात वाढत नाही आणि पीई कमी दिसतो. चक्राकार धंद्यात सगळ्यात कमी पीई अनेकदा तेजीच्या शिखरावर दिसतो आणि सगळ्यात जास्त पीई मंदीच्या तळाशी. नवखा माणूस नेमका शिखरावर आत शिरतो, ते याच कारणाने.

यावर सरधोपट सल्ला असतो की पाच वर्षांच्या एबिटडाची सरासरी घ्या. 'अ'ला तो लागू पडत नाही, कारण पाच वर्षांपूर्वी तिची भट्टी छोटी होती. तेव्हाचे कोटी आणि आताचे कोटी यांची सरासरी अर्थहीन आहे. म्हणून टनामागे किती सुटलं ते पाच वर्षं काढा, त्याची सरासरी घ्या आणि आजच्या विक्रीच्या टनांनी गुणा. विकलेले टन वार्षिक अहवालात किंवा गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात मिळतात.

'अ' वर्षाला ३ लाख टन विकते. अनुदान वगळून यंदाचे १४५ कोटी म्हणजे टनामागे सुमारे ४,८०० रुपये. समजा पाच वर्षांची सरासरी ३,८०० आहे. तर नेहमीच्या वर्षाचा एबिटडा ११४ कोटी. 'ब' अडीच लाख टन विकते, यंदा टनामागे ३,००० सुटले, सरासरी २,६००. नेहमीच्या वर्षाचा एबिटडा ६५ कोटी. फक्त मिल चालवणाऱ्याला टनामागे कमी सुटतं, पण ते कमी हलतं, कारण बिलेट आणि सळई यांचे भाव बरेचसे बरोबर चालतात.

आता गुणोत्तरं: 'अ' १,०३३ ÷ ११४ = ९.१, आणि 'ब' ३९० ÷ ६५ = ६.

इथून परत निव्वळ नफ्यापर्यंत उतरून पाहा, कारण खरं चित्र तिथे दिसतं. 'अ'च्या ११४ कोटींतून व्याजाचे ६४ आणि घसाऱ्याचे ४६ गेले की उरतात ४ कोटी. कर गेल्यावर ३. बाजारमूल्य ४५०, म्हणजे पीई १५०. 'ब'चे ६५, त्यात इतर उत्पन्नाचे १२ मिळवा, व्याजाचे ३ आणि घसाऱ्याचे २४ वजा करा, उरतात ५०. कर जाऊन साडेसदतीस. पीई १४.४.

जो शेअर दहाच्या पीईने स्वस्त म्हणून घेतला जात होता, तो अनुदान नसलेल्या आणि साधारण भावाच्या वर्षात जवळजवळ नफाच कमावत नाही. 'अ' वाईट कंपनी आहे असं यातून सिद्ध होत नाही. तेजी आणखी तीन वर्षं टिकली तर तिचं कर्ज बरंच हलकं होईल आणि तिचा शेअर 'ब'पेक्षा कितीतरी जास्त वाढू शकेल. पण ही तेजीवर लावलेली बाजी आहे, आणि ती बाजी म्हणूनच ओळखून लावायला हवी.

वेगळ्या धंद्याची कंपनी शेजारी ठेवली तर?

जालन्याचीच दुसरी ओळख म्हणजे बियाणे. सळईची कंपनी एबिटडाच्या पाचपट ईव्हीला मिळते आणि बियाण्याची आठपट, म्हणून सळई स्वस्त, असं म्हणता येत नाही. एकीला भट्टीत पैसा गाडावा लागतो, दुसरीला वाण संशोधनात आणि साठ्यात. वाढ वेगळी, जोखीम वेगळी. बियाण्याच्या कंपनीची तुलना बियाण्याच्याच कंपनीशी करा. तिथेसुद्धा दोन गोष्टी वाट अडवतात.

पहिली हंगामाची. खरिपाचं बियाणं मे-जूनमध्ये विकलं जातं, म्हणून एप्रिल ते जूनच्या तिमाहीत वर्षाचा मोठा नफा येतो. त्या तिमाहीला चाराने गुणून काढलेला पीई निरर्थक आहे. आणि विक्रेते हंगामाआधीच आगाऊ पैसे भरतात, त्यामुळे ३१ मार्चच्या ताळेबंदात रोकड भरपूर दिसते. समजा बाजारमूल्य ७०० कोटी, कर्ज नाही, रोकड २०० कोटी आणि एबिटडा ८० कोटी आहे. सरळ गणिताने ईव्ही ५०० आणि गुणोत्तर सव्वासहा. पण त्या रोकडीतले १२० कोटी विक्रेत्यांचे आगाऊ असतील, तर त्यांच्या बदल्यात माल द्यायचा आहे. तो पैसा कंपनीचा मोकळा पैसा नव्हे. रोकड ८० कोटीच धरा. ईव्ही ६२०, गुणोत्तर पावणेआठ. नोंदणीकृत कंपन्यांना सप्टेंबरअखेरचा ताळेबंदही जाहीर करावा लागतो. मार्च आणि सप्टेंबर दोन्ही शेजारी ठेवले की हा फुगवटा लगेच दिसतो. साखर कारखान्याचं उलटं असतं: गाळप संपत येतं तेव्हा गोदाम भरलेलं आणि त्यावरचं कर्जही चढलेलं, म्हणून मार्चमध्ये कर्ज जास्त दिसतं.

दुसरी गोष्ट कराची. बियाणे उत्पादनातलं काही उत्पन्न शेती उत्पन्न म्हणून करमुक्त दाखवलं जातं. त्यामुळे एक कंपनी करपूर्व नफ्यावर ५ टक्केच कर भरताना दिसू शकते आणि दुसरी २५ टक्के. सारख्याच करपूर्व नफ्यावर पहिलीचा निव्वळ नफा मोठा आणि पीई कमी दिसतो. ही सवलत टिकेल का, त्यावर प्राप्तिकर खात्याशी वाद चालू आहे का, हे 'आकस्मिक देणी' या टिपेत शोधा. शंका वाटली तर दोघींना सारखाच कर लावून पीई पुन्हा काढा. एबिटडाच्या गुणोत्तराला कराचा फरक दिसतच नाही, म्हणून इथे दोन्ही गुणोत्तरं एकत्र वापरावी लागतात.

बँका आणि वित्तसंस्थांना ईव्हीचं गुणोत्तर लावू नका. त्यांच्यासाठी कर्ज हा कच्चा माल असतो आणि व्याज हाच धंदा.

शेवटची पायरी: गुणोत्तरावरून भावाकडे परत या

तुलना झाली की अनेकजण थेट म्हणतात, "या धंद्याला साडेसहा मिळायला हवं, म्हणजे शेअर वर जाईल." किती वर जाईल हे काढताना कर्ज पुन्हा आड येतं. क्रम असा: तुम्ही योग्य मानलेलं गुणोत्तर × एबिटडा, त्यातून निव्वळ कर्ज वजा, आणि जे उरेल त्याला शेअरच्या संख्येने भागा.

हे करताना गुणोत्तर अर्ध्या अंकाने इकडे-तिकडे करून पाहा. 'अ'च्या यंदाच्या १७० कोटींवर अर्धा अंक म्हणजे ८५ कोटी, ५ कोटी शेअरवर १७ रुपये. ९० च्या भावावर तो जवळपास १९ टक्के फरक आहे. 'ब'च्या ७५ कोटींवर अर्धा अंक म्हणजे साडेसदतीस कोटी, शेअरमागे साडेबारा रुपये, १८० च्या भावावर ७ टक्के. समव्यवसायी कंपन्यांच्या सरासरीवरून काढलेल्या गुणोत्तरात अर्ध्या अंकाची चूक सहज असते. म्हणून 'अ'साठी एकच नेमका भाव लिहून ठेवू नका. गुणोत्तर ५.५, ६, ६.५ आणि एबिटडा ११४, १४५, १७० असा नऊ घरांचा तक्ता करा. त्यात पाच घरांमध्ये शेअरची किंमत ६० रुपयांपर्यंतही पोहोचत नाही, आणि ५.५ व ११४ च्या घरात तर १ रुपया ४० पैसेच उरतात. त्या पाच घरांपैकी कुठलं वर्ष किती शक्य वाटतं, हे ठरवूनच ९० रुपये द्यायचे की नाही याचा निर्णय घ्या.